डाग, माध्यम, विष, लक्षण: ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलायची उजळणी एका पानावर कशी मांडावी

बॅक्टेरियॉलॉजीची उजळणी बहुतेक जण पुस्तकाच्या क्रमाने करतात. एक जिवाणू घ्यायचा, त्याची मॉर्फॉलॉजी, कल्चर, टॉक्सिन, रोग, निदान, उपचार सगळे वाचायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे जायचे. वाचताना सगळे कळते. परीक्षेत मात्र प्रश्न उलट्या बाजूने येतो: घशात राखाडी पडदा दिसतोय, स्मिअरमध्ये हिरवे बॅसिलाय आणि त्यांत काळपट ठिपके आहेत, आता कोणते माध्यम लावाल? अशा वेळी प्रकरणवार केलेले पाठांतर हाताशी येत नाही, कारण डोक्यात प्रत्येक जिवाणूचे वेगळे कपाट तयार झालेले असते आणि दोन कपाटांमध्ये दार नसते.

यावर उपाय म्हणून लोक मोठे तक्ते करतात. चार रकाने आखायचे, डाग, माध्यम, टॉक्सिन, लक्षण अशी नावे द्यायची आणि रकाने भरायचे. तक्ता दिसायला छान होतो, पण रकान्यांतल्या नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत. माझे मत असे की रकान्यांपेक्षा त्यांना जोडणारे बाण महत्त्वाचे आहेत: हा डाग याच माध्यमावरच्या वाढीतून का करायचा, या प्लेटवर दिसते ते त्या विषाचेच काम आहे का, आणि ते विष शरीरात नेमके कुठे काम करते म्हणून हे लक्षण येते. जिथे खरा बाण आहे तिथे काढायचा, नसेल तिथे जागा मोकळी सोडायची. हे सगळ्या जिवाणूंसाठी करता येते, पण सुरुवात ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलायपासून करावी. गट लहान आहे, आणि विषांचा पसारा इतर कुठल्याही गटापेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतो.

पायरी १: आधी ग्रॅमच्या बाहेरचे बाजूला काढा

वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट करा आणि ग्रॅम स्टेनने ज्यांचा नीट पत्ता लागत नाही ते त्यात टाका. मायकोबॅक्टेरिया: पेशीभित्तिकेत मायकोलिक अॅसिड असल्याने रंग नीट शिरत नाही, म्हणून झील-नेल्सन. मायकोप्लाझ्मा: पेशीभित्तिकाच नाही. ट्रेपोनेमा: इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, म्हणून डार्क ग्राउंड. क्लॅमिडिया आणि रिकेट्सिया: पेशीच्या आत राहणारे. या चौकटीवर आत्ता वेळ घालवू नका. ती एवढ्यासाठीच की पुढे ‘ग्रॅममध्ये काहीच दिसले नाही’ असे वाक्य प्रश्नात आले तर नजर थेट तिथे जावी.

ग्रॅम स्टेनचे टप्पे तुम्हाला येतातच: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अॅसिटोन किंवा अल्कोहोलने रंग उतरवणे आणि सॅफ्रानिन किंवा पातळ कार्बोल फुक्सिन. पानावर फक्त तिसऱ्या टप्प्याजवळ लाल खूण करा. अॅसिटोन दोन-तीन सेकंदांचे काम आहे. जास्त वेळ राहिले तर ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात. आपल्या गटात हे विशेष लागू पडते, कारण क्लॉस्ट्रिडियम जुन्या कल्चरमध्ये एरवीही रंग सहज सोडते. प्रॅक्टिकलमध्ये स्लाइडवर जांभळे आणि गुलाबी बॅसिलाय शेजारी-शेजारी दिसले तर लगेच मिश्र संसर्ग म्हणू नका. दोन्हींची जाडी आणि टोके सारखीच आहेत का ते आधी पाहा, आणि रंग नीट उतरला की नाही हे पाहण्यासाठी त्याच स्लाइडवरच्या पू-पेशींकडे बघा: त्यांचे न्यूक्लिअस गुलाबी दिसायला हवे. ते जांभळे राहिले असेल तर रंग पुरेसा उतरलेलाच नाही.

पायरी २: दोन प्रश्नांत गट फोडा

पानाच्या मध्यावर ‘ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलाय’ लिहा आणि खाली पहिला प्रश्न: स्पोर तयार होतो का? होत असेल तर दुसरा प्रश्न: हवेत वाढतो का? हवेत वाढतो तो बॅसिलस, हवा चालत नाही तो क्लॉस्ट्रिडियम. स्पोर नसणाऱ्या फांदीवर कॉरिनेबॅक्टेरियम आणि लिस्टेरिया ठेवा.

इथे एक सापळा आहे. स्पोर म्हणजे दर स्लाइडवर स्पोर दिसणार असे नव्हे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे स्पोर रुग्णाच्या ऊतीत किंवा नेहमीच्या कल्चरमध्ये क्वचितच दिसतात. दिसतात ते जाड, चौकोनी टोकांचे बॅसिलाय. उलट क्लॉस्ट्रिडियम टेटनायचा स्पोर गोल, अगदी टोकाला आणि बॅसिलसपेक्षा रुंद, म्हणून ढोल वाजवायच्या काठीसारखा आकार. बॉट्युलिनमचा अंडाकृती आणि टोकाच्या थोडा अलीकडे. तिन्ही आकृत्या पानावर पेन्सिलने काढा. इथे चित्र लेखी वर्णनापेक्षा लवकर आठवते.

पायरी ३: माध्यमाच्या नावापुढे त्याचे काम लिहा

माध्यमांची नुसती नावे पाठ करणे हा सगळ्यात फुकट जाणारा वेळ. प्रत्येक माध्यमापुढे एक क्रियापद लिहा: हे माध्यम वाढवते, अडवते की दाखवते? घटसर्पाचीच दोन माध्यमे घ्या. लोफ्लरचा सीरम स्लोप वाढवतो: कॉरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरिए त्यावर ६ ते ८ तासांत दिसू लागते, घशातल्या इतर जिवाणूंच्या आधी. पोटॅशियम टेल्युराइट असलेले ब्लड अगार अडवते आणि दाखवते: टेल्युराइटने घशातले बरेच इतर जिवाणू दबतात आणि डिफ्थेरिएच्या कॉलनी काळ्या-राखाडी होतात, कारण जिवाणू टेल्युराइटचे क्षपण करून धातुरूप टेल्युरियम साठवतो. पण इथे ४८ तासांपर्यंत थांबावे लागते. एक लवकर सांगते, दुसरे नेमके सांगते. दोन्ही का लावतात हे आता वेगळे पाठ करायची गरज राहत नाही.

आता पहिला बाण. अल्बर्ट स्टेनमध्ये बॅसिलाय हिरवे आणि त्यांतले मेटाक्रोमॅटिक ग्रॅन्यूल निळसर काळे दिसतात. हे ग्रॅन्यूल म्हणजे पॉलिफॉस्फेटचा साठा, आणि तो लोफ्लरच्या माध्यमावर भरपूर तयार होतो. म्हणून अल्बर्टसाठी वाढ लोफ्लरवरून घ्यावी. टेल्युराइटवरून घेतलेल्या वाढीत आकार आणि ग्रॅन्यूल इतके चांगले दिसत नाहीत. ‘लोफ्लर → अल्बर्ट’ असा बाण काढा. डाग आणि माध्यम असे दोन रकाने इथे एकाच घटनेत मिळाले.

दुसरा बाण तर तीन रकाने जोडतो, आणि या पानावरचा माझा आवडता तोच आहे. परफ्रिंजेन्सचे अल्फा टॉक्सिन म्हणजे लेसिथिनेझ. अंड्याच्या बलकाच्या अगारवर लेसिथिन असते. अल्फा टॉक्सिन ते फोडते आणि कॉलनीभोवती पांढुरके, अपारदर्शक वलय उठते. प्लेटच्या अर्ध्या भागावर आधी अँटिटॉक्सिन पसरले असेल तर त्या अर्ध्यात वलय उठत नाही. हीच नेगलर प्रतिक्रिया. आता शरीरात बघा: पेशीपटलातही लेसिथिन आहे. तेच विकर स्नायूंच्या आणि रक्तपेशींच्या पटलांवर काम करते, म्हणून स्नायू मरत जातो. श्वेतपेशीही या जिवाणूच्या विषांना बळी पडतात, म्हणून गॅस गँग्रीनच्या जखमेच्या स्मिअरमध्ये जाड ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलाय पुष्कळ आणि पू-पेशी अगदी कमी दिसतात. प्लेटवरचे वलय आणि रुग्णाची जखम, दोन्हीकडे कर्ता एकच. जो हा एक बाण समजून काढेल त्याला परफ्रिंजेन्सचे निम्मे प्रकरण वेगळे वाचावे लागत नाही.

बाकी माध्यमे पटकन उरकता येतात. रॉबर्टसनच्या शिजवलेल्या मांसाच्या माध्यमात सॅकरोलिटिक क्लॉस्ट्रिडिया मांस गुलाबी करतात, प्रोटिओलिटिक काळे करून दुर्गंधी सोडतात. परफ्रिंजेन्स पहिल्या प्रकारात. लिस्टेरिया ४ अंशांवरही वाढते, म्हणून कोल्ड एन्रिचमेंट. २५ अंशांवर गटांगळ्या खात हलते, ३७ वर जवळपास नाही. अँथ्रॅसिसच्या कॉलनीच्या कडा कुरळ्या केसांच्या बटांसारख्या, म्हणून मेड्युसा हेड.

पायरी ४: विषांसाठी दुसरे पान, आणि तिथे ग्रॅम विसरा

पहिले पान डागाने फुटते. दुसरे पान विषाच्या कामाने फोडायचे, आणि त्यात ग्रॅम निगेटिव्हही येऊ द्यायचे. हे पान नसेल तर डिफ्थेरिया आणि स्युडोमोनास यांच्यात काही नाते आहे हे कधी लक्षातच येत नाही.

पहिली ओळ: प्रथिननिर्मिती थांबवणारी. डिफ्थेरिया टॉक्सिन आणि स्युडोमोनासचे एक्सोटॉक्सिन ए, दोन्ही इलाँगेशन फॅक्टर २ वर एडीपी-रायबोज चिकटवतात. शिगा टॉक्सिनही प्रथिननिर्मितीच थांबवते, पण थेट रायबोसोमच्या ६०एस भागावर.

दुसरी ओळ: सायक्लिक एएमपी वाढवणारी. पटकीचे टॉक्सिन आणि ईटेकचे उष्णतेने नष्ट होणारे टॉक्सिन जीएस प्रथिन कायमचे चालू ठेवतात. डांग्या खोकल्याचे टॉक्सिन जीआय निकामी करते, म्हणजे आवरणारा हात काढून घेते. अँथ्रॅक्सचा एडिमा फॅक्टर तर स्वतःच अॅडेनिलेट सायक्लेझ आहे. तो कोणाला चालू-बंद करायच्या भानगडीत पडत नाही. परिणाम चौघांचा एकच, पण वाट तीन प्रकारची. बहुपर्यायी प्रश्नात हमखास हीच वाट विचारतात.

तिसरी ओळ मज्जातंतूंची, आणि तिथे थोडे थांबावे. टेटनस आणि बॉट्युलिनम ही दोन विषे एकाच कुळातली: दोन्ही झिंकवर चालणारी प्रोटिएझ, दोन्ही स्नेअर प्रथिने कापतात, त्यामुळे चेतातंतूच्या टोकातून न्यूरोट्रान्समीटर बाहेर पडत नाही. मग एका रोगात शरीर धनुष्यासारखे ताठ आणि दुसऱ्यात लुळे कसे? फरक कापण्यात नाही, जागेत आहे. बॉट्युलिनम चेता-स्नायू संधीवरच काम करते, तिथे अॅसिटिलकोलीन सुटत नाही, स्नायूला आज्ञाच पोहोचत नाही, म्हणून लुळेपणा. तो डोळ्यांच्या आणि घशाच्या नसांपासून सुरू होऊन खाली उतरतो. टेटनोस्पास्मिन त्याच संधीतून आत शिरते, पण तिथे न थांबता चेतातंतूतून उलटे वर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथल्या आवरणाऱ्या न्यूरॉनमधून ग्लायसीन आणि गाबा सुटू देत नाही. आवरणारेच गप्प झाल्यावर मोटर न्यूरॉन मोकाट सुटतो: जबडा बसणे, चेहऱ्यावर ओढलेले हसू, पाठ कमानीसारखी वाकणे. पानावर एक चेतापेशी काढा, खालच्या टोकाशी ‘बॉट’ आणि वर मज्जारज्जूत ‘टेट’ लिहा. यापुढे स्पास्टिक कोणते आणि फ्लॅसिड कोणते हा गोंधळ होत नाही.

चौथी ओळ पेशीपटल फोडणाऱ्यांची: वर आलेले अल्फा टॉक्सिन, लिस्टेरियाचे लिस्टेरिओलायसिन ओ, स्ट्रेप्टोकोकसचे स्ट्रेप्टोलायसिन ओ. सुपरअँटिजेनची ओळ कॉकायच्या पानाच्या वेळी भरा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल वेगळे ठेवा: त्याची ए आणि बी टॉक्सिन पेशीतल्या रो प्रथिनांवर ग्लुकोज चिकटवतात आणि पेशीचा सांगाडा ढासळतो. त्याचे नाव आता क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झाले आहे. रिपोर्टमध्ये नवे नाव दिसेल, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

पायरी ५: एक रुग्ण दोन्ही पानांवरून चालवा

पाने भरली की ती तपासायची रीत म्हणजे एक केस घेऊन बोट ठेवत ठेवत पुढे जाणे. लस न घेतलेले पाच वर्षांचे मूल, तीन दिवस बेताचा ताप, घसा दुखतो. टॉन्सिलवर राखाडी-पांढरा पडदा आहे, तो पडजिभेकडे पसरलेला, ओढून काढू गेल्यास रक्त येते. मान दोन्ही बाजूंनी सुजलेली.

लक्षणाच्या रकान्यातून सुरुवात करा. ‘पडदा’ या शब्दावर दोन नोंदी आहेत: घशातला डिफ्थेरिएचा आणि मोठ्या आतड्यातला डिफिसिलचा. जागेवरून निवड झाली. हा पडदा कसा झाला? विषाने मेलेल्या पेशी, फायब्रिन, श्वेतपेशी आणि जिवाणू एकत्र थिजून. तो खालच्या ऊतीला धरून असतो, म्हणून ओढल्यावर रक्त.

आता डाग. दोन स्वॅब घ्यायचे, एक स्मिअरसाठी, एक कल्चरसाठी. ग्रॅममध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलाय दिसले. पण घशात निरुपद्रवी डिफ्थेरॉइडही राहतात, आणि तेही ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलायच. अल्बर्टने थोडा फरक कळतो: डिफ्थेरिए एकमेकांशी कोन करून पडलेली असतात, व्ही किंवा एल अक्षरासारखी, आणि ग्रॅन्यूल ठळक, डिफ्थेरॉइड कुंपणाच्या खांबांसारखे समांतर, ग्रॅन्यूल थोडे किंवा नाहीतच. तरी एवढ्यावर निदान पक्के होत नाही. स्मिअरचे उत्तर ‘सुसंगत आहे’ एवढेच.

मग माध्यम. स्वॅब लोफ्लर, टेल्युराइट आणि साध्या ब्लड अगारवर लावला. ब्लड अगार कशाला? स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसमुळेही घसा असाच बिघडतो, किंवा दोघे एकत्रही असू शकतात. बीटा हिमोलिसिस तिथे दिसेल. लोफ्लरवरची वाढ ६ ते ८ तासांनी काढून अल्बर्ट, टेल्युराइट ४८ तासांपर्यंत राखून.

कॉलनी काळ्या आल्या, ग्रॅन्यूल दिसले. अजून एक प्रश्न उरतोच: हा प्रकार विष बनवतो का? विषाचा जीन जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्राचा मूळ भाग नसून बीटा फाजने आणलेला असतो. फाज नसलेली डिफ्थेरिएही तशीच वाढते, तशीच दिसते, पण घटसर्प करत नाही. इथे डाग आणि माध्यम दोन्ही थकतात आणि एलेक चाचणी येते: सीरम असलेल्या अगारमध्ये अँटिटॉक्सिनने भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी, तिला काटकोनात जिवाणूच्या रेषा. विष असेल तर विष आणि अँटिटॉक्सिन भेटतात तिथे साक्याची रेष उमटते. शेजारी माहीत असलेला विषारी आणि बिनविषारी प्रकार लावलेला नसेल तर त्या रेषेवर विसंबू नये.

उपचार मात्र या सगळ्यासाठी थांबत नाहीत. अँटिटॉक्सिन संशयावरच देतात, कारण ते रक्तात फिरणाऱ्या विषालाच निष्प्रभ करते; पेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जिवाणू मारते आणि पुढचे उत्पादन थांबवते, आधी सुटलेल्या विषाला हात लावत नाही. विषाच्या पानावर इलाँगेशन फॅक्टर २ जवळ ‘हृदय, मज्जातंतू’ असे लिहून ठेवा: जिवाणू घशातच राहतो, विष रक्तातून जाते, म्हणून घसा बरा दिसू लागल्यावरही मायोकार्डायटिस होऊ शकतो, टाळू लुळी पडून प्यालेले पाणी नाकातून येऊ शकते.

सगळ्याच केसमध्ये चारही रकाने सारख्या वजनाचे नसतात. धनुर्वातात निदान लक्षणांवरच होते. जखमेतून टेटनाय न वाढणे म्हणजे धनुर्वात नाही असे होत नाही, आणि वाढले तरी तेवढ्याने रोग ठरत नाही. म्हणून टेटनायच्या ओळीत माध्यमाचा रकाना फिकट पेन्सिलने भरा आणि लक्षणाचा ठळक. अँथ्रॅक्समध्ये उलट: वेदनारहित काळी खपली आणि भोवती सूज दिसली तरी संशय पक्का करायला पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूचा स्मिअर फार कामाचा, कारण निळ्या बॅसिलायभोवती जांभळट कॅप्सूल दिसते. सुजेचा बाण अर्थातच एडिमा फॅक्टरकडे.

पायरी ६: स्वतःची परीक्षा बाणांवर घ्या

कोरे पान घेऊन पूर्ण तक्ता पुन्हा लिहीत बसू नका. फक्त बाण विचारा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या टोकापासून. नेगलर सांगा, त्यावरून जखमेच्या स्मिअरमध्ये पू-पेशी कमी का ते सांगा. फाज नसलेली डिफ्थेरिए कोणत्या चाचणीपर्यंत खऱ्यासारखी वागते? जीआयवरून सुरू करून रोगाचे नाव काढा. सूज असलेली काळी खपली दिली, तर विषाचे विकर सांगा. जो बाण दोनदा अडखळतो तो पुस्तकात उघडून पाहा. पूर्ण प्रकरण पुन्हा वाचायची गरज नाही.

हे पान न अडखळता चालू लागले की ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलायचे घ्या. तिथे पहिला फाटा स्पोरचा नाही, लॅक्टोजचा: मॅकॉन्कीवर कॉलनी गुलाबी की फिक्या, आणि फिक्या असतील तर ऑक्सिडेज काय सांगते. विषांचे दुसरे पान मात्र तेच वापरा. कॉलरा, ईटेक, शिगा आणि स्युडोमोनास त्यावर आधीच लिहिलेले आहेत.